ॲक्सिडेंटचा पेशंट डॉक्टरच्या हातात देताना नोट कशी लिहायची

मी पेडण्याचा, 108 च्या गाडीवर ईएमटी. नवीन पोरं गाडीवर आली की पहिल्यांदा हेच विचारतात, कॅज्युअल्टीत डॉक्टरला नक्की सांगायचं काय आणि कागदावर लिहायचं काय. क्रम सोपा आहे: वय, वेळ, मार कसा लागला, काय काय लागलंय, पल्स-बीपी, आणि आपण काय केलं. पण क्रम पाठ असून नोट फुकट जाऊ शकते, म्हणून एक केस घेऊन सांगतो, शिकवायला जुळवलेली आहे पण अशा दर आठवड्याला येतात.

धारगळच्या बाजूला हायवेवर रात्री स्कूटर स्लिप. पुरुष, अंदाजे 35.

सुरुवात वेळेपासून करा. कॉल आला 9:40 ला, पण अपघात झाला कधी? बाजूच्या गाड्यावरच्या माणसाला विचारलं तर म्हणाला साडेनऊलाच पडला, आम्ही आधी पाणी मारत होतो. म्हणजे 9:30, आणि नोटमध्ये हीच वेळ जाते, कॉलची नाही, कारण रक्तस्राव थांबवायचं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड इंजेक्शन मार लागल्यापासून 3 तासांच्या आत सुरू करावं लागतं आणि डॉक्टर ते तास तुमच्या आकड्यावरून मोजणार.

मग मार कसा लागला. "बाईक ॲक्सिडेंट" एवढंच लिहिलं तर काहीच कळत नाही. "अंदाजे 50 च्या स्पीडला स्लिप, हँडल डाव्या कुशीत घुसलं, हेल्मेट होतं, फुटलेलं नाही, शुद्ध गेली नव्हती" असं लिहा. शर्ट वर केला तर डाव्या बरगड्यांच्या खालच्या टोकाला हँडलच्या रबराचा गोल वळ उठलेला, बांगडीएवढा. तोही लिहायचा. आणि गाडीत तो सारखा म्हणत होता "खांद दुखता", खांद्याला साधं खरचटलेलंसुद्धा नाही. डावा खांदा न लागता दुखतोय म्हणजे पोटात रक्त साचून वरच्या पडद्याला टोचत असेल अशी शंका येते. पण म्हणून "प्लीहा फाटली" असं आपण लिहायचं नाही, आपल्याकडे सोनोग्राफी नाहीये, जे दिसलं, हाताला लागलं आणि पेशंट बोलला तेवढंच.

आता मेन गोष्ट, पल्स-बीपी. मी नवीन असताना एका पेशंटच्या नोटवर "स्टेबल" लिहून मोकळा झालो होतो, शेवटचं बीपी बरं होतं म्हणून, आणि डॉक्टरने विचारलं आधी किती होतं तर माझ्याकडे उत्तर नाही. तेव्हापासून एक आकडा कधीच लिहीत नाही. या केसमध्ये बघा:

9:55 पल्स 92, बीपी 128/80
10:12 पल्स 108, बीपी 118/76
10:28 पल्स 124, बीपी 104/72

शेवटचं बीपी 104 एकटं बघितलं तर चालेल असं वाटतं, तिन्ही ओळी एकाखाली एक वाचल्या की कळतं माणूस आतल्या आत रक्त घालवतोय. तरुण माणसाचं बीपी बराच वेळ तग धरतं, पल्स आधी बोलते. लिहायला कागद सापडत नाही तेव्हा मी ग्लोव्हवर नाहीतर मांडीवर चिकटवलेल्या टेपवर आकडा आणि वेळ लिहितो, नंतर उतरवतो.

शुद्धीचा स्कोअरपण नुसता "14" नको, फोडून लिहा: डोळे 4, बोलणं 4, हालचाल 6. म्हणजे कळतं की तो गोंधळून बोलतोय, आणि आधी 15 होता हेही लिहा. तोंडाला वास येत असेल तर "दारूचा वास" एवढंच. "दारू पिऊन आहे" लिहिलं की गोंधळाचं सगळं खापर दारूवर फुटतं आणि डोक्याचा मार राहून जातो, आपल्या गोव्यात हे जास्तच.

शेवटी आपण काय केलं: ऑक्सिजन मास्क, मानेला कॉलर, उजव्या हाताला 18 नंबरची आयव्ही, सलाईन 250 मिली 10:15 ला. ट्रॅनेक्सॅमिक दिलं नसेल तर "दिलं नाही" असं स्पष्ट लिहा, जागा कोरी सोडली तर डॉक्टर अंदाज करत बसतो.

तोंडी सांगताना स्ट्रेचर हलवायच्या आधी, मिनिटभरात, सगळ्यात पहिलं वाक्य धोक्याचं: "डॉक्टर, पोटाला मार, पल्स 92 वरून 124, बीपी पडतंय." मग बाकी क्रमाने. रक्त भळाभळा वाहत असेल किंवा सीपीआर चालू असेल तर अर्थात ते थांबवून भाषण नको.

नंतर कागदावर डॉक्टरची सही आणि ताब्यात दिल्याची वेळ घ्या, आणि मोबाईल, पाकीट, गळ्यातली चेन कोणाच्या हातात दिली तेही त्याच कागदावर.