लिंकचा दिवा हिरवा, तरी डेटा बंद: बिघाड नेमका कुठे ते कसे शोधावे

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना आणि नवी पेठेतलं ऑफिस यांच्यामध्ये प्रोव्हायडरची इथरनेट लीज लाइन आहे. तिची देखभाल मी करतो. मे महिन्यात रोज दुपारी साधारण एकपासून चारपर्यंत ऑफिसमधलं बिलिंग अडकायचं. संध्याकाळी सगळं आपोआप सुरळीत व्हायचं. फोन केला की एकच उत्तर यायचं: "साहेब, आमच्याकडून लिंक अप आहे." ते खोटं बोलत नव्हते. दिवा हिरवाच होता. पण त्या दिव्यावरून एवढंच कळतं की शेजारच्या डब्याशी तार जोडलेली आहे. दुसऱ्या टोकापर्यंत फ्रेम, म्हणजे डेटाचं एकेक पाकीट, पोचते का, हे त्यावरून कळत नाही.

त्यासाठी दोन साधनं आहेत. पहिलं लिंक ओएएम. हे 2004 च्या 802.3ah मानकातलं आहे आणि एकाच तारेच्या दोन टोकांत बोलतं, त्यापुढे जात नाही. दुसरं सीएफएम. हे 2007 च्या 802.1ag मानकातलं आहे आणि मध्ये कितीही स्विच असले तरी टोकापासून टोकापर्यंत जातं. सुरुवात सीएफएमपासून करा, कारण आधी ठरवायचं असतं ते हे की बिघाड आपल्या हद्दीत आहे की प्रोव्हायडरच्या.

पहिली पायरी: लाइन चालू असतानाच पहारेकरी बसवा. प्रोव्हायडरच्या डब्याला जोडलेल्या आपल्या स्विच पोर्टवर, दोन्ही टोकांना, एकेक 'मेप' तयार करा. मेप म्हणजे सीएफएमचं टोक. ते ठरलेल्या वेळाने 'मी आहे' असा छोटा संदेश पाठवतं. त्याला सीसीएम म्हणतात. सिस्को स्विचवर कारखान्याच्या बाजूचं कॉन्फिगरेशन साधारण असं असतं:

```
ethernet cfm ieee
ethernet cfm global
ethernet cfm domain SLP level 6
 service LINK vlan 100 direction down
  continuity-check
  continuity-check interval 1s
interface GigabitEthernet0/1
 ethernet cfm mep domain SLP mpid 22 vlan 100
```

ऑफिसच्या बाजूला फक्त `mpid`, म्हणजे मेपचा क्रमांक, बदलून 11 करा. डोमेनचं नाव, सर्व्हिसचं नाव, लेव्हल आणि संदेशाचा वेळ मात्र दोन्हीकडे तंतोतंत सारखाच हवा. बहुतेकांचं इथेच चुकतं आणि लाइन धडधाकट असूनही चुकीची सूचना येत राहते. संदेश सेकंदाला एक असेल तर साडेतीन सेकंद तो आला नाही की समोरचं टोक हरवलं असं धरलं जातं.

लेव्हल 0 ते 7 असतात. ग्राहकाची वरची, प्रोव्हायडरची खालची. वरच्या लेव्हलचे संदेश खालच्या लेव्हलच्या मेपमधून न अडता पुढे जातात, म्हणून आमचे 6 चे संदेश त्यांच्या 4 च्या तपासणीत लुडबूड करत नाहीत. लाइन घेतानाच प्रोव्हायडरकडे एक गोष्ट लेखी मागा: दोन्ही टोकांच्या त्यांच्या डब्यांवर आमच्या लेव्हलचा 'मिप' चालू करून द्या. मिप स्वतःहून काही पाठवत नाही, विचारलं तर उत्तर देतो. तो नसेल तर बिघाड आपल्या तारेत आहे की त्यांच्या जाळ्यात, हे बाहेरून सांगता येत नाही.

दुसरी पायरी: कुठली दिशा मेली आहे ते पाहा. बिघाड चालू असताना दोन्ही टोकांना हे पाहा:

```
show ethernet cfm maintenance-points remote
```

आमच्याकडे ऑफिसच्या स्विचवर 22 हरवलेला दिसला. कारखान्याच्या स्विचवर मात्र 11 व्यवस्थित येत होता, फक्त त्यासोबत आरडीआय ही खूण होती. आरडीआय म्हणजे समोरचा सांगतोय, 'तुमचं मला ऐकू येत नाही.' म्हणजे ऑफिसकडून कारखान्याकडे रस्ता मोकळा होता आणि कारखान्याकडून ऑफिसकडे बंद. पिंगने हे कधीच कळलं नसतं. पिंगला जाणं आणि येणं दोन्ही लागतं, त्यामुळे कुठलीही एक दिशा मेली तरी ते सारखंच फसतं. सीएफएमचा लूपबॅक, म्हणजे समोरच्या टोकाला संदेश पाठवून उत्तर मागण्याची चाचणी, हाही या बाबतीत पिंगसारखाच आहे.

तिसरी पायरी: लिंकट्रेस योग्य टोकाकडून चालवा. लिंकट्रेस म्हणजे वाटेतल्या मिपकडून एकेक करून उत्तर मागणारी सीएफएमची चाचणी. सिस्कोवर ही आज्ञा `traceroute ethernet` ने सुरू होते. ज्या टोकाचं बोलणं पलीकडे पोचत नाही, त्या टोकाकडून ती चालवा, म्हणजे आमच्या बाबतीत कारखान्याकडून. लिंकट्रेसचा संदेश पुढे नेताना प्रत्येक स्विच पाहतो की लक्ष्याचा मॅक पत्ता आपल्या तक्त्यात कुठल्या पोर्टवर आहे. ऑफिसच्या फ्रेम कारखान्याकडे येतच होत्या, म्हणून ऑफिसचा पत्ता वाटेतल्या सगळ्या तक्त्यांत ताजा होता. उलट कारखान्याच्या फ्रेम पुढे जातच नसल्याने त्याचा पत्ता तुटलेल्या जागेपलीकडच्या तक्त्यांतून पुसला जातो, बहुतेक स्विचवर 300 सेकंदांत. मग ऑफिसकडून सोडलेला लिंकट्रेस खऱ्या जागेच्या खूप आधीच थांबतो आणि चांगल्या स्विचवर आळ येतो. पहिल्या दिवशी मी नेमकी हीच चूक केली आणि ऑफिसजवळच्या डब्यावर दोन तास घालवले.

कारखान्याकडून ट्रेस केल्यावर तिथल्या प्रोव्हायडरच्या डब्यावरच्या मिपने उत्तर दिलं आणि पुढे शांतता. म्हणजे आमचा स्विच, आमची केबल आणि त्यांच्या डब्यात शिरणारं पोर्ट ठीक होतं. बिघाड त्या डब्याच्या पुढे होता. ही माहिती वेळ आणि आउटपुटसकट पाठवली. मग त्यांच्या इंजिनिअरने तीच परीक्षा स्वतःच्या लेव्हल 4 वर घेतली आणि डब्यापासून एक्स्चेंजमधल्या स्विचपर्यंतच्या पहिल्याच फायबरवर बोट ठेवलं.

चौथी पायरी: आता त्या एका तारेवर लिंक ओएएम. हे काम प्रोव्हायडरचं आहे, पण काय पाहायला सांगायचं ते माहीत असावं. लिंक ओएएममध्ये ज्या टोकाला खराब फ्रेम मिळतात ते टोक त्यांची मोजदाद करून पाठवणाऱ्याला कळवतं. आमच्या डब्यात एक्स्चेंजकडून आलेल्या 'एरर्ड फ्रेम' सूचनांची रांग लागली होती, सगळ्या दुपारच्या. डब्याचे स्वतःचे एरर काउंटर मात्र शून्य होते. म्हणजे डब्याला नीट ऐकू येत होतं, त्याचं बोलणं मात्र पलीकडे विस्कटून पोचत होतं. प्रकाश पूर्ण गेला नव्हता, फक्त कमजोर झाला होता, म्हणून लिंक अप राहून फ्रेम फुटत होत्या.

लिंक ओएएमचा आणखी एक उपयोग: कारखान्यातली वीज गेली की डबा बंद पडता पडता 'डाइंग गॅस्प' हा शेवटचा निरोप पाठवू शकतो. तो आला असेल तर फायबर जोडणारी माणसं पाठवायची गरज नसते. मात्र लिंक ओएएमचा लूपबॅक वेगळा, त्यात पलीकडचं टोक आलेल्या सगळ्या फ्रेम तशाच परत पाठवतं. तो चालू लाइनवर लावू देऊ नका. तो चालू असेपर्यंत ग्राहकाची वाहतूक पूर्ण बंद राहते.

डबा पत्र्याच्या शेडखाली, छताला लागून लोखंडी कपाटात होता. त्यातलं फायबर मॉड्यूल साध्या दर्जाचं होतं, 0 ते 70 अंशांपर्यंतचं. सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी त्या कपाटाला हात लावता येत नव्हता, आणि मॉड्यूलची पाठवण्याची ताकद तापमान वाढताना घसरत असल्याचं डब्यातल्याच आकड्यांत दिसलं. त्यांनी उणे 40 ते 85 अंशांचं मॉड्यूल बसवलं. आम्ही कपाट खाली उतरवून उत्तरेच्या भिंतीला लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता दोन्ही स्विच पाहिले: 11 आणि 22 हजर होते, आरडीआय कुठेच नव्हता.