फोनवर बसलेली ऑर्डर सकाळच्या गाडीत कशी चढवावी

दुकानांना माल पुरवणाऱ्या एजन्सीत सेल्समनच्या हातात फोन दिला की ऑर्डरचं काम सुटलं, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. तसं नसतं. वहीतल्या ऑर्डरी संध्याकाळी कोल्हापुरात आमच्या लक्ष्मीपुरीतल्या गोडाऊनवर यायच्या, तेव्हा माल कमी पडला तर तो एका माणसाच्या डोळ्यांदेखत कमी पडायचा आणि तो तिथल्या तिथे वाटणी करायचा. फोन आल्यावर तीन सेल्समन तीन पेठांत उभे राहून तीच पेटी विकतात आणि तिघांनाही आपली ऑर्डर बसली असं वाटतं. दुकानांची यादी, दर आणि स्कीम फोनवर चढवून झालेत असं धरून पुढचं सांगतो.

आधी टार्गेट. ते सेल्समनवर नको, रूटवर लावा, आणि महिन्यावर नको, फेरीवर लावा. राजारामपुरीचा रूट दर मंगळवारी असेल तर एखाद्या महिन्यात चार फेऱ्या होतात, एखाद्यात पाच. पाच मंगळवारांच्या महिन्यात १,७५,००० रुपयांची विक्री झाली, म्हणजे फेरीला ३५,०००. पुढच्या महिन्यात मंगळवार चारच असतील, तर जुन्या वेगाने १,४०,००० होणार. तिथे 'मागच्यापेक्षा थोडं वाढवून' १,८०,००० लावलं, तर शेवटच्या आठवड्यात सेल्समन ओळखीच्या दुकानांत माल कोंबतो आणि पुढच्या महिन्यात तोच परत येतो. फेरीचा आकडाही फोडून ठेवा: ४० दुकानं, त्यातली २६ ऑर्डर देतात, सरासरी बिल १,३५० रुपये. आकडा घसरला की दुकानं कमी झाली का बिल लहान झालं, हे त्यावरून लगेच कळतं. दोन्हींवरचा इलाज वेगळा असतो.

दुकानात ऑर्डर घेताना एकच गोष्ट सक्तीची करा. आधी फळीवरचा शिल्लक माल बघायचा, मग टाइप करायचं आणि निघण्याआधी ऑर्डर मालकाला वाचून दाखवायची. लडी आणि पेटीतला घोटाळा वाचतानाच सापडतो. ऑर्डर मिळाली नाही तर कारण टाकायचं. संध्याकाळी सव्वासातला दहा मिनिटांत बारा ऑर्डरी आल्या असतील, तर त्या दुकानात नाही, घरी बसून टाकल्यात. त्या दिवशीच विचारा.

आता खरी अडचण: फोनवर दिसणारा स्टॉक. यात मी दोन वर्षं मार खाल्ला, म्हणून सविस्तर सांगतो.

पाच रुपयांच्या बिस्किटाचं उदाहरण घ्या. संगणकात ६० पेट्या. त्यातल्या ३ उंदरांनी फाडलेल्या, अजून खात्यातून काढायच्या राहिलेल्या. म्हणजे विकता येणाऱ्या ५७. सकाळी नऊला तिन्ही सेल्समनच्या फोनवर ६० चा आकडा गेला आणि दिवसभर तोच राहिला. राजारामपुरीत २४ पेट्यांची ऑर्डर बसली, शाहूपुरीत १८, कागलला ३०. एकूण ७२. रात्री बिलं काढताना पहिल्या दोन रूटना पूर्ण ४२ गेल्या आणि कागलला ३० ऐवजी १५ उरल्या. कोणी जाणूनबुजून केलं नव्हतं. बिलं रूटच्या नंबरने निघायची, कागलचा नंबर शेवटचा, म्हणून दर वेळी कात्री तिथेच लागायची. कागल वीसेक किलोमीटर लांब, गाडी आठवड्यातून दोनदाच. तिथल्या एका दुकानदाराने मला फोनवर सांगितलं, "मालक, चार पेट्या सांगितल्या, दोन आल्या. उरलेल्या दोन मी दुसरीकडनं घेतल्या. आता त्याचाच माणूस येतोय माझ्याकडं."

यावर 'स्टॉक थोडा जास्त ठेवा' असा सल्ला मिळतो. तो ऐकू नका. भांडवल अडकतं आणि कमी पडायचा तो माल तरीही कमी पडतो. करायचं ते असं.

ऑर्डर गोडाऊनच्या संगणकावर पोचताच तेवढा माल तिच्या नावाने राखला गेला पाहिजे. उरेल तोच आकडा फोनवर दिसला पाहिजे. बिल रात्री निघेल, पण राखणं लगेच. गाडीतून परत आलेला माल तपासून खात्यात चढेपर्यंत विक्रीच्या आकड्यात धरायचा नाही. तो गोडाऊनच्या दारात दिसतो म्हणून मोह होतो, आणि नेमकी त्यातलीच पेटी फुटलेली निघते.

तळघरातल्या दुकानात रेंज नसते. ऑर्डर फोनमध्येच राहते, संगणकाला तिचा पत्ता नसतो. म्हणून आमचा नियम असा: गल्ली सोडण्याआधी फोनवरचा न पोचलेल्या ऑर्डरींचा आकडा शून्य झालेला बघायचा. आधी टाइप केलेली पण उशिरा पोचलेली ऑर्डर पुढे धरावी का, यावर आमच्याकडे बराच वाद झाला. माझं मत पक्कं आहे: पोचण्याची वेळच धरा. नाहीतर ज्या दुकानदाराला माल आहे म्हणून सांगितलं, त्याच्याकडून तो काढून घ्यावा लागतो.

एवढं करूनही तुटवडा पडतो, कारण मोजणी चुकते. मग वाटणी माणसाने करायची, संगणकावर सोडायची नाही. वरच्या ७२ पेट्या ३१ दुकानांच्या होत्या. २७ लहान दुकानांनी एक-दोन करून ४० मागितल्या होत्या, चार मोठ्या दुकानांनी प्रत्येकी ८. मी लहानांच्या ४० पूर्ण देतो. एक पेटी मागणाऱ्याची एक कापली की त्याच्या फळीवर काहीच उरत नाही आणि तिथे दुसरा माल बसतो. उरतात १७. मोठ्यांपैकी एक दुकान कागलचं. तिथे गाडी पुन्हा तीन दिवसांनी जाणार, म्हणून त्याला पूर्ण ८. शहरातल्या तिघांना ३-३. त्यांचा उरलेला माल नवीन लोड आला की दुसऱ्या दिवशीही देता येतो. कोणाचं किती कापलं हे सेल्समनने रात्री आठच्या आत दुकानदाराला स्वतः फोन करून सांगायचं. गाडी दारात आल्यावर कळलं तर तो चिडतो. आदल्या रात्री कळलं तर बहुतेक वेळा थांबतो.

दोन दिवसांच्या विक्रीपेक्षा कमी उरलेल्या मालाला तर मी सकाळीच रूटवार कोटा लावतो. मग रात्री कापाकापी करावीच लागत नाही.

ऑर्डर बंद साडेसहाला. साडेसहानंतरची ऑर्डर परवाच्या गाडीत, मग दुकान कितीही मोठं असो. एकदा सवलत दिली की गोडाऊनची पोरं रात्री अकरापर्यंत माल काढत बसतात आणि चुका तिथेच होतात.

माल काढताना आधी पूर्ण गाडीची मालवार यादी करून एकत्र काढा, मग दुकानवार लावा. शेवटच्या दुकानाचा माल गाडीत सगळ्यात आधी चढतो. महाद्वार रोडची दुकानं गाडीच्या यादीत पहिली ठेवा. देवीच्या दर्शनाची गर्दी वाढली की छोटा हत्तीही आत शिरत नाही, आणि सेल्समन तिथे दुपारी गेला होता म्हणून डिलिव्हरीही दुपारी, असा हिशोब चालत नाही.

गाडी परत आली की न उतरलेल्या मालाचं कारण बिलावरच लिहून घ्या: दुकान बंद, पैसे नाहीत, ऑर्डर दिलीच नव्हती. तिसरं कारण एका सेल्समनच्या रूटवर आठवड्यात दोनदा आलं, तर त्या दुकानांच्या ऑर्डरींच्या वेळा काढून बघा. हा माल सकाळी नऊच्या आत तपासून खात्यात चढला पाहिजे, कारण नऊला नवा आकडा फोनवर जातो.