त्याचं ऐकू येतं, आपलं जात नाही

घाटंजीकडच्या शेतातून नागपूरच्या मुलाला फोन लावला. त्याचा आवाज स्पष्ट येतो, तो मात्र "बाबा, बोला ना" म्हणत राहतो. कॉलमध्ये जाणारा आणि येणारा आवाज वेगवेगळा वाहतो. टॉवरकडे भरपूर ताकद असते, 4जी फोनकडे जेमतेम 0.2 वॅट. म्हणून रेंजच्या काठावर बहुधा आपलाच आवाज आधी तुटतो.

नेटवर्कला दोष देण्याआधी फोनच्या रेकॉर्डरमध्ये दोन वाक्यं बोलून ऐका. नीट उमटली तर माइक चांगला आहे. टिनाच्या खोलीतून निघून मोकळ्या धुऱ्यावरून पुन्हा लावा. रेकॉर्डिंगमध्ये आपला आवाज दबका आला तर फोनच्या खालच्या कडेचं माइकचं बारीक छिद्र कव्हरनं किंवा धुळीनं बुजलंय का बघा. तिथे टाचणी मात्र कधीच खुपसू नका, मऊ कोरडा ब्रश पुरतो. फक्त व्हॉट्सॲप कॉलवर असं होत असेल, तर सेटिंगमध्ये त्या ॲपची मायक्रोफोन परवानगी तपासा.

आपलाच आवाज घुमून परत येत असेल, तर आपला फोन उघडू नका. समोरच्याच्या स्पीकरचा आवाज बहुतेक वेळा त्याच्याच माइकमध्ये शिरत असतो. त्याला स्पीकर बंद करायला किंवा आवाज कमी करायला सांगा.