कोल्ड ई-मेलमध्ये ग्राहकाची गोष्ट टाकायची, तर आधी एवढं हाताशी ठेवा

हॉटेलांच्या खरेदीवाल्यांना अनोळखी मेल पाठवणार असाल तर चौदा पानी केस स्टडी जोडू नका. एका ग्राहकाची गोष्ट चार वाक्यांत मेलमध्येच लिहा. उदाहरण टॉवेलचं घेतोय, कारण सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत बसून दुसरं मला फारसं सुचत नाही.

फाइल का नको, हे एकदाच सांगतो. अनोळखी पत्त्यावरून आलेल्या फाइलकडे मेलचे फिल्टर आधीच संशयाने बघतात. त्यातून ती पोचली तरी समोरचा माणूस स्टोअरच्या दारात उभा राहून मोबाइलवर मेल बघत असतो. तुम्ही कोण हेच त्याला माहीत नाही, मग तो फाइल कशाला उघडेल? केस स्टडी लागते ती ज्याने भाव विचारलाय त्याला.

आता सगळ्यात आधी: ज्याची गोष्ट सांगताय त्या ग्राहकाची परवानगी. लेखी. मागच्या वेळी माझं हेच राहिलं. मेल मिळाला त्या गृहस्थांनी थेट आमच्या ग्राहकाला फोन लावला, आणि "आमच्या टॉवेलची भानगड गावभर का सांगताय?" हे मला ऐकावं लागलं. नाव टाकलं नव्हतं, म्हणून परवानगी लागत नाही असं वाटलं होतं. पण "पंढरपुरातलं 40 खोल्यांचं, स्टेशनजवळचं हॉटेल" म्हटल्यावर नाव सांगायचं राहिलं काय? या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात.

परवानगी मागताना "तुमचा अनुभव वापरू का?" असं मोघम विचारू नका. त्याला कुणीही हो म्हणतं आणि नंतर चिडतं. जी चार वाक्यं मेलमध्ये जाणार आहेत तीच जशीच्या तशी व्हॉट्सॲपवर पाठवा, नाव घालू की नको ते विचारा, आणि कुणी चौकशीला फोन केला तर बोलाल का तेही विचारा. हो म्हणणारा माणूस मालक असावा. हाउसकीपिंगचे मॅनेजर चांगले असतात, पण ते उद्या दुसऱ्या हॉटेलात असतात.

दुसरी गोष्ट आकड्याची. इथे सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून जरा सविस्तर. समजा, ग्राहकाची तक्रार होती की मशीनमध्ये धुऊन टॉवेलच्या कडा उसवतात. मधलं कापड धड असतं, पण धागे लोंबायला लागले की तो टॉवेल पाहुण्याला देता येत नाही. तुम्ही कड दुहेरी दुमडून दोन शिलाया घातल्या, कोपऱ्यांना पक्के टाके दिले. सहा महिन्यांनी ग्राहक सांगतो, आधीच्या सहा महिन्यांत 90 टॉवेल बाद झाले होते, आता 38. लगेच "बाद होणारे टॉवेल निम्म्याहून कमी" असं लिहायला हात शिवशिवतात. थांबा. आधीच्या सहा महिन्यांत आषाढी होती का? पंढरपुरात वारीच्या दिवसांत खोल्या भरलेल्या असतात, टॉवेल जास्त वेळा धुतले जातात, जास्त बाद होणारच.

म्हणून लाँड्रीची वही मागा. समजा तिच्यात आधीची 18,000 धुणी निघाली आणि नंतरची 9,500. म्हणजे हजार धुण्यांमागे बाद टॉवेल 5 होते ते 4 झाले. निम्मे कुठले, पाचवा हिस्सा कमी. आता बाद होण्याचं कारण बघा. 90 पैकी कडा उसवलेले 54, म्हणजे हजारी 3. नंतरच्या 38 पैकी 9, म्हणजे हजारी जेमतेम 1. हे खरं तुमच्या शिलाईचं काम. उरलेले मात्र हजारी 2 वरून 3 वर गेले. का? लाँड्रीला विचारा. बहुतेक निघेल असं की त्यांनी त्याच काळात क्लोरीन ब्लीच कमी केलं. ब्लीच जास्त झालं की सुताचा धागा कमजोर होतो, म्हणून केलं ते बरोबरच. पण कुंकवाचे डाग मग तसेच राहतात. आणि हेही लक्षात घ्या की कडा टिकल्या त्यात थोडा वाटा ब्लीच कमी केल्याचाही असणार. सगळं श्रेय शिलाईला दिलंत तर ग्राहकच म्हणेल, असं नाही झालं. परवानगीला पाठवलेल्या वाक्यांत हा आकडा आणि हे कारण दोन्ही असायला हवं ते याचसाठी.

मग गोष्ट अशी होते. मेल इंग्रजीत जाणार असला तरी आधी मराठीत लिहा, फुगवलेलं लगेच दिसतं.

"तुमच्यासारखंच यात्रेच्या गावातलं एक हॉटेल आमच्याकडून टॉवेल घेतं. मशीनमध्ये धुऊन कडा उसवत आणि चांगले टॉवेल बाद करावे लागत. आम्ही कडेला दुहेरी शिलाई दिली, त्यांनी ब्लीच कमी केलं. कडा उसवून बाद होणारे टॉवेल हजार धुण्यांमागे 3 होते, आता 1 आहे, डागांचा प्रश्न मात्र अजून आहे."

शेवटचा तुकडा काढायचा मोह होईल. ठेवा. खरेदीवाल्याने आयुष्यभर "शंभर टक्के समाधान" वाचलेलं असतं, डाग कबूल करणारा कारखानदार त्याला क्वचित भेटतो.

ग्राहक निवडताना मोठं नाव शोधू नका, वाचणाऱ्यासारखा शोधा. पंचतारांकित हॉटेलची गोष्ट तुळजापूरच्या लॉजमालकाला सांगून उपयोग नाही. त्यांचे टॉवेल जाड, लाँड्री स्वतःची, भाव वेगळा. जुळणारा ग्राहक नसेल तर गोष्टच नको, टॉवेलबद्दल सरळ दोन ओळी लिहा. आणि जुळणारा सापडला की पुन्हा तेच: त्याची परवानगी आहे का? एका मेलसाठी दिलेली परवानगी दोनशे मेलसाठी दिलेली नसते, किती जणांना पाठवणार तेही त्याला सांगा.

गोष्टीच्या आधी एक ओळ वाचणाऱ्याबद्दल, गोष्टीनंतर एक प्रश्न, ज्याचं उत्तर एका ओळीत देता येईल: "तुमच्याकडे टॉवेल जास्त कशाने बाद होतात, कडांनी की डागांनी?" "भेटायला कधी येऊ" हे पहिल्या मेलमध्ये नको. कारखान्याची स्थापना, मशिनरी, सोलापूरची परंपरा, सगळं कापा. आख्खा मेल स्क्रोल न करता मोबाइलवर मावला पाहिजे. स्वतःला पाठवून बघा.

विषयाच्या ओळीत "टॉवेलच्या कडा उसवणं" एवढं पुरे. लोगो, फोटो, लिंक नको. स्वतःच्या डोमेनवरून पाठवा, मेल खरंच तुमचाच आहे हे पटवणारं SPF आणि DKIM लावलंय का ते वेबसाइटवाल्याला विचारा. थोडे थोडे पाठवा. उत्तर नाही आलं तर आठवड्याने एकदा विचारा, तीच गोष्ट परत चिकटवू नका. नको म्हणाले तर यादीतून नाव काढा.

कुणी "सविस्तर पाठवा" म्हणालं तर केस स्टडीची पीडीएफ तेव्हा द्या. तिच्यात ग्राहकाचं नाव, फोटो, आकडे जास्त असतात, म्हणून तिची परवानगी वेगळी घ्या. आणि चौकशीला फोन येणार असेल तर आधी ग्राहकाला कळवा: कोण करणार, कुठल्या हॉटेलातून, साधारण कधी.