सीओपीडी असलेल्या आईवडिलांना आरएसव्हीची लस कशी द्यावी, आणि ती फ्लूच्या लसीपेक्षा वेगळी कशी

गेल्या सप्टेंबरात सासूबाईंना फ्लूची लस द्यायला इथल्या, न्यू जर्सीतल्या, फार्मसीत घेऊन गेले. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "आरएसव्हीचीपण देऊ का?" सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अगं, फ्लूची घेतेय ना, मग ही कशाला?" त्या ६८ वर्षांच्या आहेत, सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट आजार आहे, रोज पंप घेतात आणि जिना चढताना मध्ये एकदा थांबतात.

त्यांचा प्रश्न रास्त होता. हे दोन वेगळे विषाणू आहेत आणि एकाची लस दुसऱ्यापासून वाचवत नाही. आरएसव्ही हा श्वसनमार्गाचा विषाणू, तरुण माणसाला तो नुसती सर्दी देतो. पण सीओपीडीत श्वासनलिका आधीच सुजलेल्या आणि अरुंद असतात. त्यात हा विषाणू शिरला की कफ वाढतो, धाप लागते आणि दुखणं दवाखान्यापर्यंत जातं. शिवाय फ्लूवर ऑसेल्टामिविरसारखं औषध आहे, आरएसव्हीवर मोठ्यांसाठी तसं नेहमीचं औषध नाही. म्हणून इथे लसीलाच जास्त महत्त्व.

आधी पात्रता बघा. अमेरिकेत ७५ वर्षांपुढच्या सगळ्यांना ही लस सुचवली जाते, आणि ५० ते ७४ वयात धोका जास्त असेल तर. सीओपीडी, दमा, ब्राँकिएक्टेसिस हे सगळे आजार त्यात येतात. आजाराचे कागद दाखवावे लागत नाहीत, तोंडी सांगितलं तरी चालतं. सासूबाईंनी "मला फुप्फुसाचा आजार आहे, पंप घेते" एवढंच सांगितलं.

मग आधी कधी घेतली होती का, ते शोधा. मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच पायरी, कारण चूक इथेच होते. फ्लूचा विषाणू आपलं बाहेरचं रूप सतत बदलतो, म्हणून त्याची लस दरवर्षी नव्याने बनते आणि दरवर्षी घ्यावी लागते. आरएसव्हीच्या लसी त्या विषाणूच्या बाहेरच्या एफ नावाच्या प्रथिनावर बेतलेल्या आहेत, आणि ते फारसं बदलत नाही. हे प्रथिन पेशीला चिकटण्याआधी एका आकारात असतं आणि नंतर दुसऱ्या. तो पहिला आकार २०१३ साली उलगडला आणि त्याच्यावरच आजच्या लसी उभ्या राहिल्या. तूर्त एकच डोस सांगितला आहे. संरक्षण काळानुसार कमी होतं, तरी एकदा घेतलेल्यांना पुन्हा देत नाहीत. घरच्यांना वाटतं, फ्लूसारखी हीपण दरवर्षीची. तसं धरून पुढच्या वर्षी दुसरी घेऊ नये, म्हणून लसीचं नाव आणि तारीख पंपाच्या डब्यावर चिकटवून ठेवा. आम्ही तेच केलंय.

वेळ ऑगस्ट ते ऑक्टोबरची साधा, कारण थंडी सुरू झाली की विषाणू पसरायला लागतो. ती वेळ चुकली तर पुढेही घेता येते. धाप किंवा कफ नेहमीपेक्षा वाढलेला असेल, ताप असेल, तर बरं वाटेपर्यंत थांबा.

पैशाचं आधी विचारून घ्या. मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी विम्यात, फ्लूची लस पार्ट बी-मधून मिळते, आरएसव्हीची पार्ट डी या औषधांच्या भागातून. पार्ट डी असेल तर खिशातून काही जात नाही, नसेल तर काहीशे डॉलर पडू शकतात. ही लस फार्मसीतच घेतलेली बरी. डॉक्टरांकडे घेतली तर कधीकधी आधी पैसे भरून नंतर परत मागावे लागतात. भारतातून भेटीला आलेल्या आईवडिलांच्या प्रवासविम्यात लसी सहसा येत नाहीत.

फ्लू आणि आरएसव्हीच्या दोन्ही लसी एकाच दिवशी घेता येतात, एक या दंडात, एक त्या दंडात. मात्र अंगदुखी थोडी जास्त होऊ शकते. सासूबाईंचा आरएसव्हीचा दंड दोन दिवस ठणकला, रात्री थोडी कणकण आली. ६५ वर्षांपुढे फ्लूची जास्त ताकदीची लस मागून घ्या. कधी गियाँ-बारे हे नसांचं दुखणं झालं असेल तर ते आधीच सांगा. अरेक्सव्ही आणि अब्रिस्व्हो या आरएसव्हीच्या लसींनंतर ते क्वचित दिसलं आहे, दहा लाखांत सात-नऊ जादा रुग्ण इतकं. पुढच्या सहा आठवड्यांत पायांत मुंग्या येऊन अशक्तपणा वर चढू लागला, तर लगेच इमर्जन्सीत न्या.

लस घेतल्यावरही थंडीत खोकला वाढला, कफाचा रंग बदलला, पंप नेहमीपेक्षा जास्त लागू लागला, तर थांबू नका. पहिल्या ४८ तासांत डॉक्टरांना फोन करून फ्लू आणि आरएसव्ही, दोन्हीची तपासणी मागा. फ्लू निघाला तर औषध त्या वेळेतच सुरू झालं पाहिजे.