गणिताचा शिक्षक निवडताना: आधी वेळापत्रक, मग जाहिरात

आमची शाळा तालुक्याच्या गावातली. पाचवी ते दहावी, प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी, वर्गात साधारण तीस मुलं, गणित-विज्ञान सेमी इंग्रजी. शाळा स्वयंअर्थसहाय्यित असल्यामुळे शिक्षकांची भरती संस्थाच करते. मी स्वतः गणिताची शिक्षिका, आणि पर्यवेक्षक झाल्यापासून निवड समितीत बसते. तुम्ही अशा समितीत पहिल्यांदाच बसणार असाल, किंवा टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसणार असाल, तर आमची एक फसलेली आणि एक बरी जमलेली निवड दोन्ही कामाला येतील.

फसलेली आधी. आमची जाहिरात चार ओळींची होती: ‘गणित शिक्षक पाहिजे. बी.एस्सी. बी.एड. अनुभवी उमेदवारास प्राधान्य. पगार योग्यतेनुसार.’ सर आले, हुशार होते, मुलाखत छान दिली. जूनमध्ये वेळापत्रक त्यांच्या हातात पडलं आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर ते आलेच नाहीत. स्टाफरूममध्ये ‘आजकालच्या पोरांना कष्ट नकोत’ वगैरे चर्चा झाली. मी वेळापत्रक काढून तास मोजले. पाचवी ते सातवीला आठवड्याला प्रत्येकी ६, म्हणजे १८. आठवी ते दहावीला प्रत्येकी ७, म्हणजे २१. एकूण ३९. शाळेचे आठवड्याचे तासच ४५. त्यात शिक्षक रजेवर गेले की बदली तास, आणि दहावीचे सकाळचे जादा तास वेगळेच. आम्ही एका माणसाची जागा काढली होती आणि काम दीड माणसाचं दिलं होतं. वर आम्हा कुणालाच हा आकडा माहीत नव्हता.

म्हणून कामाचं वर्णन लिहायला बसाल तेव्हा पदवीपासून सुरुवात करू नका. वेळापत्रक समोर घ्या. आम्ही पाचवी-सहावीचे १२ तास विज्ञानाच्या मॅडमकडे दिले. उरले सातवी ते दहावीचे २७. मग वह्या मोजल्या: चार वर्ग, प्रत्येकी तीस, म्हणजे १२० वह्या. एका वहीला तीन मिनिटं धरली तरी एका फेरीला सहा तास लागतात. दर पंधरवड्याला एक फेरी हवी असेल तर ते सहा तास वेळापत्रकात कुठे बसतात हे शाळेने सांगायला हवं, नाहीतर शिक्षक वह्या घरी नेतो आणि नुसत्या टिका मारून आणतो. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास तयारीसह धरले आहेत. त्यातला ‘तयारीसह’ हा शब्द संस्थाचालकांना सहसा दिसत नाही.

नव्या वर्णनात आम्ही लिहिलं ते साधारण असं: सातवी ते दहावी, आठवड्याला २७ तास, महिन्यातून दोन वेळा वहीतपासणी, त्यासाठी आठवड्याला पाच ऑफ तास राखीव, त्यात बदली तास लागणार नाही, दहावीच्या बीजगणित आणि भूमिती या दोन्ही पेपरांची जबाबदारी, सराव परीक्षेचे पेपर काढणं आणि अंतर्गत २० गुणांच्या नोंदी ठेवणं, वर्गशिक्षकाचं काम एका वर्गाचं. दरमहा पगाराचा आकडा, बँकेत जमा. शाळेतल्याच मुलांची खासगी शिकवणी घेता येणार नाही, हेही लिहिलं. कायद्याने शिक्षकाला खासगी शिकवणीला मनाईच आहे, पण गणिताच्या शिक्षकाच्या बाबतीत हा विषय पहिल्याच महिन्यात निघतो, तेव्हा तो आधी बोललेला बरा.

पगाराचा आकडा छापायला सचिव तयार नव्हते. ‘आकडा बघून कोणी येणारच नाही’ म्हणाले. अर्ज खरोखर कमी आले, चौदाच. पण जे आले ते आकडा वाचून आलेले होते. पूर्वी दिवसभर मुलाखती घेऊन संध्याकाळी पगार ऐकल्यावर उमेदवार चहा पिऊन निघून जायचे, ते थांबलं.

पात्रतेकडे आम्ही चाळणी म्हणून पाहतो, तिला गुण देत नाही. चाळणीतही बारकावे आहेत. हा शिक्षक सातवी-आठवीला शिकवणार, म्हणजे टीईटीचा दुसरा पेपर हवा, आणि तो गणित-विज्ञान गटातून दिलेला. सामाजिक शास्त्र गटाचं प्रमाणपत्र घेऊन आलेले दोघे होते. प्रमाणपत्र खरं, पण या जागेसाठी उपयोगाचं नाही. नववी-दहावीसाठी पदवी आणि बी.एड. बी.एड.च्या गुणपत्रिकेवर अध्यापन पद्धतीत गणित आहे का ते बघा. पदवी रसायनशास्त्राची असली तरी आम्ही अर्ज बाजूला काढत नाही; पद्धती गणिताची नसेल तर मात्र विचारतो. चौदातले सहा इथवर आले आणि प्रत्यक्ष तिघे हजर राहिले. उमेदवारांना एक सांगते: मूळ प्रमाणपत्रं दाखवा, छायांकित प्रती द्या, पण मूळ कागद शाळेत ठेवून घ्यायला निघाले तर परत मागा.

मग गुणांकन. शंभरात प्रात्यक्षिक पाठ ४०, वहीतपासणी ३०, विषयाची तोंडी २०, आधीच्या शाळेकडची चौकशी आणि अनुभव १०. दोघे परीक्षक वेगवेगळे गुण देतात आणि कागद झाकून ठेवतात. एक गणिताचा, दुसरा मुद्दाम दुसऱ्या विषयाचा, कारण गणितवाला फळ्याकडे बघतो आणि मराठीच्या मॅडम मुलांच्या तोंडांकडे. दोघांत पाचांपेक्षा जास्त फरक पडला तर बोलायचं, नाहीतर सरासरी.

वहीतपासणी ही आमची स्वतःची भर. दहा उत्तरांचा एक कागद देतो, सगळी मुलांनी खरोखर केलेली, नावं काढून. अर्ध्या तासात गुण द्यायचे आणि प्रत्येक मुलाला एक ओळ लिहायची. एकात १/२ + १/३ = २/५ असतं. एकात दोन बाजू आणि त्यांच्यामधला नसलेला कोन घेऊन त्रिकोण एकरूप ठरवलेले असतात, शेजारी ठळक अक्षरात ‘बाबाको कसोटी’. (अशी कसोटी नाही. आहे ती बाकोबा.) पण माणूस कळतो तो या उत्तरात:

2x + 6 = 14 − 6 = 8 ÷ 2 = 4

उत्तर ४ बरोबर आहे, आणि ओळ सगळी चूक. या मुलाला ‘बरोबर’ हे चिन्ह ‘आता पुढची पायरी’ असं वाटतं. तीन गुणांपैकी किती द्याल? तिघांतल्या पहिल्या उमेदवाराने, ते एम.एस्सी. होते, तीनपैकी तीन देऊन टिक केली. दुसऱ्याने शून्य आणि लाल रेघ. तिसऱ्या मॅडमनी दोन दिले आणि लिहिलं: ‘उत्तर बरोबर. आता x च्या जागी ४ ठेव आणि तुझ्या ओळीत १४ आणि ८ सारखे होतात का बघ.’ मुलाला चूक स्वतः सापडेल अशी ती ओळ होती. पुढे आठवीत समीकरणं मोठी झाली की हीच चूक गुण खाते, आणि तोवर ती सवय होऊन बसलेली असते.

प्रात्यक्षिक पाठ वीस मिनिटांचा, घटक आदल्या दिवशी सांगतो. एकच तुकडी असल्याने एकाच वर्गावर तोच घटक दोनदा शिकवता येत नाही, म्हणून वर्ग बदलतो. त्यामुळे तुलना पूर्ण सारखी होत नाही, हे मान्य करूनच गुण द्यावे लागतात.

एम.एस्सी. सरांना सहावीत दशांश अपूर्णांकांची तुलना दिली होती. फळ्यावर अक्षर मोत्यासारखं. ०.३ आणि ०.२५ यांत मोठी कोणती, असं विचारल्यावर मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, ‘पॉइंट पंचवीस, कारण पंचवीस तिनापेक्षा मोठे.’ सर म्हणाले, ‘चूक. बस खाली. आणखी कोण?’ पुढच्या मुलीने बरोबर सांगितलं, सरांनी शून्य लावून ०.३० करायचा नियम दिला, बारा उदाहरणं झाली, ‘समजलं?’ विचारल्यावर वर्ग ‘होऽऽ’ म्हणाला. खरं तर धडा त्या मागच्या बाकावर होता. आपण ‘पॉइंट पंचवीस’ असं वाचतो तिथेच मुलाची गल्लत होते. ‘पॉइंट दोन पाच’ असं वाचलं असतं आणि दोन दशांश तीन दशांशांपेक्षा कमी हे बोललं असतं, तर दोन मिनिटांत सुटलं असतं.

तिसऱ्या मॅडमना सातवीत ५ − (−३) मिळालं. त्यांनी वाण्याची उधारी घेतली: दुकानदाराने तीन रुपयांची उधारी काढून टाकली. एका मुलीने विचारलं, ‘मॅडम, उधारी माफ झाली तर खिशातले पाचाचे आठ कुठे झाले?’ मॅडम थांबल्या. चांगल्या पाच सेकंद. मग ‘बरोबर विचारलंस, हे उदाहरण इथे लंगडं पडतं’ म्हणाल्या आणि फळ्यावर एकाखाली एक लिहिलं: ५ − २ = ३, ५ − १ = ४, ५ − ० = ५. ‘आता पुढची ओळ कोण सांगतं?’ ५ − (−१) = ६ मुलांनीच सांगितलं. ठरवलेला पाठ निम्मा राहिला. आमच्या तक्त्यात ‘पाठ वेळेत पूर्ण’ असा रकाना होता, त्यात त्यांना कमी गुण पडले. पुढच्या वर्षी तो रकाना काढला आणि तिथे ‘मुलाच्या चुकीचं किंवा प्रश्नाचं काय केलं’ असा घातला.

बेरीज अशी झाली. सर: पाठ २२, वही १४, तोंडी १९, अनुभव ८, एकूण ६३. मॅडम: पाठ ३१, वही २५, तोंडी १३, अनुभव ४, एकूण ७३. सचिवांना एम.एस्सी. हवी होती, माहितीपत्रकात चांगली दिसते म्हणून. गुणांचे कागद आधीच भरलेले असल्याने वाद लवकर मिटला. नुसत्या चर्चेवर निवड असती तर मॅडम गेल्या असत्या.

मात्र तोंडीतले १३ खरे होते. दहावीच्या वर्तुळावरच्या एका प्रमेयात त्या अडकल्या. म्हणून नेमणुकीआधीच सांगितलं की उन्हाळ्यात भूमितीचे सगळे सरावसंच सोडवून वही दाखवायची. तसंच, वीस मिनिटांच्या पाठातून वर्ग वर्षभर कसा सांभाळला जाईल हे कळत नाही; जुन्या शाळेत फोन करून ‘शिक्षक कसे होते’ असं विचारलं तर सगळे ‘चांगले’ म्हणतात. ‘वर्षात मध्येच वर्ग बदलावा लागला का’ असं विचारा, पलीकडचा माणूस उत्तर द्यायला किती वेळ घेतो ते ऐका.

नेमणूकपत्रात कामाचं तेच वर्णन जोडलं, २७ या आकड्यासकट. जागा कायमची रिकामी असेल तर खासगी शाळा कर्मचाऱ्यांच्या १९७७ च्या कायद्याप्रमाणे दोन वर्षांचा परिवीक्षा काळ लिहायचा. दरवर्षी अकरा महिन्यांचा कागद देणाऱ्या शाळा असतात, तसा कागद हातात आला तर सही करण्याआधी ‘जागा कायमची आहे का’ हे विचारा.

मॅडमनी पत्र वाचलं, पाच राखीव तासांच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘हे तास कुठल्या वारी आहेत?’ मी वेळापत्रक उघडून दाखवलं. सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी एकेक, गुरुवारी दोन. त्यांनी ते पत्राच्या मागे पेनने लिहून घेतलं आणि मग सही केली.