पुनर्मूल्यांकनाच्या प्रश्नात या चुका टाळा: रफमध्ये मशीनचे दोन हिशेब ठेवा

सीएच्या मुलांचे सराव पेपर तपासताना इंड एएस १६ चा पुनर्मूल्यांकनाचा प्रश्न आला की पहिली नोंद बहुतेकांची बरोबर असते. मशीनची किंमत वाढली, मशीन डेबिट, रिव्हॅल्युएशन सरप्लस क्रेडिट, इथपर्यंत सगळं सुरळीत चालतं. गडबड होते ती पुढच्या वर्षांत, घसारा सुरू झाल्यावर. तीन वर्षांनी किंमत पडते तेव्हा सरप्लसमध्ये शिल्लक किती, हे विचारलं की एकाच वर्गात चार वेगवेगळे आकडे मिळतात.

म्हणून मी एकच सवय लावायला सांगतो. रफ कामात एकाच मशीनचे दोन हिशेब शेजारीशेजारी चालवा. एकात पुनर्मूल्यांकन धरून येणारी पुस्तकी किंमत, दुसऱ्यात पुनर्मूल्यांकन झालंच नसतं तर राहिली असती ती किंमत. दुसरा हिशेब उत्तरपत्रिकेत कुठेच दिसत नाही, पण चुका तोच पकडतो. कसा, ते एका उदाहरणावरून पाहू.

कंपनीने १ एप्रिल २०१९ ला १० लाखांचं मशीन घेतलं. आयुष्य १० वर्षं, शेवटी मोडीत काही येणार नाही, घसारा सरळ रेषा पद्धतीने. ३१ मार्च २०२१ ला मशीनचं वाजवी मूल्य १२ लाख ठरलं. उरलेलं आयुष्य ८ वर्षं, त्यात बदल नाही. सरप्लस वापराच्या प्रमाणात दरवर्षी रिटेन्ड अर्निंग्जमध्ये वळवायचं कंपनीचं धोरण आहे.

वाढ मोजताना तुलना कशाशी?

१२ लाखांतून १० लाख वजा करून सरप्लस २ लाख लिहिणारे दरवेळी भेटतात. तुलना मूळ खरेदी किमतीशी नसते, त्या दिवशीच्या पुस्तकी किमतीशी असते. दोन वर्षांचा घसारा २ लाख गेला, मशीन पुस्तकात ८ लाखांवर आहे. म्हणून वाढ ४ लाख.

नोंद दोन पद्धतींनी करता येते. साठलेला घसारा काढून टाकायचा असेल तर आधी साठलेला घसारा डेबिट आणि मशीन क्रेडिट २ लाख, मग मशीन डेबिट आणि सरप्लस क्रेडिट ४ लाख. प्रमाणात वाढवायचं असेल तर किंमत १० वरून १५ लाख आणि साठलेला घसारा २ वरून ३ लाख होतो. निव्वळ रक्कम दोन्हीकडे १२ लाख आणि सरप्लस दोन्हीकडे ४ लाखच. दुसऱ्या पद्धतीत ५ लाख सरप्लस दाखवणारा विद्यार्थी घसाऱ्याची १ लाखाची वाढ विसरलेला असतो.

ही वाढ नफा-तोट्यात जात नाही. इंड एएसमध्ये ती ओसीआयमधून इक्विटीत जाते. इंटरला एएस १० चा प्रश्न असेल तर मात्र ओसीआय हा शब्दच लिहू नका. तिथे ती थेट मालकांच्या निधीत, रिव्हॅल्युएशन सरप्लस या शीर्षकाखाली जमा होते. फायनलची नोट्स वाचून इंटरचा पेपर लिहिणाऱ्यांचा इथे हमखास घात होतो.

घसारा पूर्ण नफा-तोट्यात

आता वर्षाचा घसारा १२ लाख भागिले ८, म्हणजे १,५०,०००. इथे १० ने भागणं ही एक चूक. दुसरी चूक जास्त सुशिक्षित दिसते: १ लाख नफा-तोट्याला आणि वरचे ५०,००० थेट सरप्लसला डेबिट. जुन्या पुस्तकांवर किंवा जुन्या अकाउंटंटच्या हाताखाली शिकलेल्या मुलांत ती सापडते, आणि त्यांचा फार दोष नाही. कंपनी कायदा २०१३ ची अनुसूची २ लागू होण्याआधी वाढीव घसारा पुनर्मूल्यांकन राखीव निधीतून भरून काढायची पद्धत खरोखरच होती. आज पूर्ण १,५०,००० नफा-तोट्यात जातात.

मग ५०,००० चं काय? ती वेगळी नोंद आहे: सरप्लस डेबिट, रिटेन्ड अर्निंग्ज क्रेडिट. ती इक्विटीच्या आतल्या आत होते, नफ्याला शिवत नाही आणि ओसीआयलाही नाही. शिवाय परिच्छेद ४१ प्रमाणे ती ऐच्छिक आहे. प्रश्नात धोरण दिलंय का, हे आधी शोधा. धोरण दिलेलं नसेल तर गृहीतक लिहून पुढे जा, कारण पुढचं सगळं उत्तर त्यावर फिरतं.

आपल्या मशीनचे दोन हिशेब असे चालतात:

| दिनांक | पुस्तकी किंमत | मूळ किमतीने | फरक |
|---|---|---|---|
| ३१ मार्च २०२१ | १२,००,००० | ८,००,००० | ४,००,००० |
| ३१ मार्च २०२२ | १०,५०,००० | ७,००,००० | ३,५०,००० |
| ३१ मार्च २०२३ | ९,००,००० | ६,००,००० | ३,००,००० |
| ३१ मार्च २०२४ | ७,५०,००० | ५,००,००० | २,५०,००० |

शेवटचा रकाना म्हणजेच सरप्लसची शिल्लक. दरवर्षी ५०,००० वळवले की शिल्लक आपोआप या फरकाएवढी राहते. तुमच्या सरप्लस खात्याचा आकडा या रकान्याशी जुळत नसेल तर कुठेतरी एक नोंद राहिलीये किंवा दोनदा झालीये.

प्रश्नात कराचा दर दिलेला असेल तर मात्र हा रकाना करपूर्व समजा. दर २५ टक्के असेल तर पहिल्या दिवशी १ लाख डिफर्ड टॅक्सचे आणि ३ लाख सरप्लसचे, दोन्ही ओसीआयमधूनच. मग वळवायची रक्कमही ५०,००० नाही, ३७,५०० होते. इथे पुढे कर बाजूला ठेवतो.

किंमत पडली, आणि सगळे ४ लाखांकडे धावले

३१ मार्च २०२४ ला वाजवी मूल्य ४,६०,००० ठरलं. पहिला प्रश्न: किती पडलं? वर्षाच्या सुरुवातीच्या ९ लाखांशी तुलना करून ४,४०,००० लिहू नका. पुनर्मूल्यांकन वर्षअखेरीला आहे, तर त्या वर्षाचा घसारा आधी घ्यायचा. पुस्तकी किंमत ७,५०,०००, घट २,९०,०००.

आता घट कुठे न्यायची? ज्याच्या डोक्यात सुरुवातीचे ४ लाख अजून बसलेत, तो म्हणतो की सरप्लस पुरेसा आहे, सगळी घट ओसीआयमध्ये. पण त्यातले दीड लाख तीन वर्षांत रिटेन्ड अर्निंग्जमध्ये निघून गेले. उरलेत २,५०,०००. तेवढी घट ओसीआयमध्ये, आणि ४०,००० नफा-तोट्यात.

दुसरा हिशेब इथे कामाला येतो. पुनर्मूल्यांकन कधीच झालं नसतं तर मशीन ५ लाखांवर असतं. किंमत ४,६०,००० झाली, म्हणजे मूळ हिशेबाच्या ४०,००० खाली गेली. तोट्याचा आकडा तोच आला. पडताळायला दहा सेकंद लागतात.

धोरण वळवण्याचं नसतं तर? सरप्लस अख्खा ४ लाख शिल्लक, २,९०,००० ची घट पूर्ण ओसीआयमध्ये, सरप्लस १,१०,००० वर. मशीन, तारखा आणि किमती त्याच राहिल्या, तरी नफा ४०,००० ने वेगळा. मघाशी धोरण शोधायला सांगितलं ते यासाठी. अशा उत्तरात फरकाच्या रकान्याची पडताळणी लागू होत नाही, हेही ध्यानात ठेवा.

एक चकवा इथेच घातला जातो. प्रश्नात दोन मशीन असतात, एकावर सरप्लस पडून आहे आणि दुसऱ्याची किंमत घटते. पहिल्याचा सरप्लस दुसऱ्याच्या मदतीला येत नाही. पुनर्मूल्यांकन पूर्ण वर्गाचं करायचं असतं हे खरं, पण वाढ-घटीचा हिशेब मालमत्तागणिक वेगळा.

परत वाढली की

ही जागा सगळ्यांत निसरडी. ४,६०,००० वर उरलेली ५ वर्षं, म्हणजे वर्षाला ९२,००० घसारा. आता वळवायला सरप्लस नाही, तरी सवयीने तिथेही नोंद करणारे आहेतच. ३१ मार्च २०२६ ला पुस्तकी किंमत २,७६,०००, मूळ हिशेबाने ३,००,०००. वाजवी मूल्य ठरलं ३,५०,०००. वाढ ७४,०००.

आधी नफा-तोट्यात गेलेली घट जितकी उलटते तितकी वाढ नफा-तोट्यात, उरलेली ओसीआयमध्ये. पण उलटायची किती, ४०,००० की कमी? त्या ४०,००० मुळे घसारा दरवर्षी १ लाखाऐवजी ९२,००० झाला. दोन वर्षांत १६,००० असेच नफ्यात परत आले. म्हणून मी २४,००० नफा-तोट्यात आणि ५०,००० सरप्लसला नेतो. मूळ हिशेबही तेच सांगतो: २,७६,००० ते ३,००,००० पर्यंतचं अंतर २४,०००, त्याच्या वर ५०,०००. मानकात घसाऱ्याचा हा परिणाम स्पष्ट शब्दांत लिहिलेला नाही, त्यामुळे ४०,००० आणि ३४,००० असं उत्तरही पाहायला मिळतं. तुम्ही काय धरलं ते एका ओळीत लिहा. परीक्षकाला दिशा कळली की तो वाद घालत बसत नाही.

विकताना

दुसऱ्याच दिवशी, १ एप्रिल २०२६ ला, मशीन ३,६५,००० ला विकलं. नफा-तोट्यात फक्त १५,००० नफा. सरप्लसचे ५०,००० थेट रिटेन्ड अर्निंग्जमध्ये. ते नफ्यात मिळवून ६५,००० दाखवणं ही या प्रश्नातली शेवटची आणि फार लोकप्रिय चूक आहे. ओसीआयमधल्या काही रकमा पुढे नफा-तोट्यात फिरवून आणता येतात, ही नाही.

गंमत म्हणजे तो ६५,००० चा आकडा अगदीच हवेतला नसतो. मूळ हिशेबात मशीन ३ लाखांवर होतं, तिथे विक्रीचा नफा ६५,०००च आला असता. त्यामुळे १५,००० आणि ५०,००० ची बेरीज करून बघा. ती या आकड्याला येऊन मिळाली तर सात वर्षांतली एकही नोंद निसटलेली नाही.